‘२२० वजा वय’ कुणाला लागू पडतं आणि कुणाला नाही

प्रश्न: माझं वय ४८, पाच-सहा वर्षं पळतोय. २२० मधून वय वजा केलं की हृदयाचे मिनिटाला कमाल ठोके १७२ येतात, घड्याळातही तेच आहे. पण परवा नाशिकच्या गंगापूर रोडवर दहा किलोमीटरच्या शेवटी १८४ दिसले. छातीचा पट्टा लावला होता, त्रास काही झाला नाही. रोज आरामात पळतो तेव्हा १४२ च्या आसपास असतात, तरी घड्याळ ‘झोन ४’, म्हणजे जोराचा व्यायाम, दाखवतं. सकाळी उठल्यावर ५६ असतात. गेल्या वर्षी ट्रेडमिलवर हृदयाची टीएमटी चाचणी केली, तिच्या रिपोर्टवर तर कमाल १४९ लिहिलंय. माझा मित्र माझ्याच वयाचा, बीपीची गोळी घेतो. तो कितीही जोर लावू दे, १३५ च्या वर जात नाही. आमच्यात नेमकं बिघडलंय कोणाचं?

उत्तर:

तुमच्या लिहिण्यावरून तुमचं तरी काही बिघडलेलं दिसत नाही. चुकीचा आहे तो १७२. मित्राबद्दल मात्र गोळीचं नाव कळल्याशिवाय मत देता येणार नाही. त्यांच्याकडे शेवटी येतो.

आधी १८४ खरेच होते का, ते बघू. ही शंका मी सगळ्यांच्याच बाबतीत घेतो. मनगटावरचं घड्याळ हिरवा प्रकाश टाकून कातडीखालचं रक्त मोजतं. पळताना हात हलतो, घड्याळ हलतं आणि कधीकधी ते ठोक्यांऐवजी तुमची पावलंच मोजू लागतं. बहुतेकांची पावलं मिनिटाला १६० ते १८० पडतात, त्यामुळे आकडा अगदी खरा वाटतो. ओळखायचं कसं? नंतर आलेख उघडून बघा. आकडा १४० वरून एका झटक्यात १७६ झाला आणि तिथेच चिकटून राहिला, चढ आला तरी हलला नाही, उतार आला तरी हलला नाही, तर ती पावलं आहेत. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत पहाटे गोल्फ क्लबच्या मैदानावर हात गारठलेले असतात. तेव्हा कातडीत रक्त कमी येतं आणि घड्याळ पहिली दहा-पंधरा मिनिटं काहीही दाखवतं.

छातीचा पट्टा हृदयाचा विद्युत संकेत थेट पकडतो, म्हणून तो बराच भरवशाचा. तोही कोरडा लावला तर सुरुवातीला उगाच २०० च्या पुढे उड्या मारतो. घाम आला की ठीक होतो. तुमचे १८४ शेवटच्या टप्प्यात आले आणि तोवर पट्टा चांगला भिजलेला असणार. आलेखात ते हळूहळू चढत गेलेले दिसत असतील, तर मी ते खरे मानेन. तरीही खात्री करायची असेल तर थांबल्याथांबल्या मानेवर दोन बोटं ठेवून १५ सेकंद मोजा आणि चारने गुणा. ४५-४६ ठोके मिळाले की झालं. उशीर करू नका, कारण थांबताच आकडा घसरू लागतो.

आता १७२ कुठून आले ते. हे सूत्र हजारो लोकांना प्रयोगशाळेत पळवून बसवलेलं आहे, असाच बहुतेकांचा समज असतो. तसं ते नाही. १९७० च्या सुमारास अमेरिकेत विल्यम हॅस्केल आणि सॅम्युएल फॉक्स हे दोघं एका प्रश्नावर काम करत होते: हृदयरोग असलेल्या माणसाने व्यायाम किती जोराने करावा? हॅस्केल यांनी आधी छापून आलेल्या दहाएक अभ्यासांमधले आकडे गोळा केले. त्यातले बहुतेक लोक पंचावन्नच्या आतले होते, काही सिगारेट ओढणारे होते, काहींना हृदयविकार होता. एका वैद्यकीय बैठकीला विमानाने जाताना दोघांनी त्या ठिपक्यांमधून एक रेघ ओढली. विशीत २००, चाळिशीत १८०, साठीत १६० अशी ती छान बसत होती. १९७१ मध्ये ते लेखात छापून आलं आणि तिथून व्यायामशाळेच्या भिंतीवर, ट्रेडमिलच्या पाटीवर आणि आता तुमच्या घड्याळात पोहोचलं. पुढे २००२ मध्ये रॉबर्ग्स आणि लँडवेअर या अभ्यासकांनी या सूत्राचा माग काढला, तर त्यामागे स्वतंत्र मूळ संशोधनच सापडलं नाही. ओढणाऱ्यांनाही ती रेघ ढोबळ अंदाज म्हणूनच हवी होती. हॅस्केल यांनी स्वतःच नंतर तसं सांगितलेलं आहे.

यावर लोक विचारतात, मग नवीन, चांगलं सूत्र सांगा. ती आहेत. २००१ मध्ये तनाका आणि सहकाऱ्यांनी ३५१ अभ्यास एकत्र करून ‘२०८ वजा वयाच्या ०.७ पट’ असं सूत्र दिलं. २०१३ मध्ये नॉर्वेत ३,३२० निरोगी माणसांना खरोखर दमेपर्यंत पळवून ‘२११ वजा वयाच्या ०.६४ पट’ असं आलं. तुमच्या वयाला पहिलं १७४ देतं आणि दुसरं १८०. जुन्या सूत्राचा उतार जरा जास्तच तीव्र आहे, त्यामुळे ते तरुणांना थोडं जास्त आणि वयस्कांना कमी सांगतं. पासष्टीच्या माणसाला ते १५५ म्हणेल आणि तनाकांचं १६२ च्या पुढे जाईल. एवढा फरक नवीन सूत्राने सुधारतो. पण तुमची अडचण त्याने सुटत नाही.

कारण प्रश्न रेघ कुठून ओढली हा नाहीच. रेघेच्या दोन्ही बाजूंना माणसं किती पसरलेली आहेत हा आहे. नॉर्वेच्या अभ्यासात सगळी काळजी घेऊनही अंदाज आणि प्रत्यक्ष यांतली नेहमीची चूक जवळजवळ ११ ठोक्यांची निघाली. म्हणजे काय ते तुमच्या वयावर मांडतो. ४८ वर्षांच्या निरोगी माणसांची सरासरी १७६ धरू. मग साधारण दोन तृतीयांश लोक १६५ ते १८७ मध्ये येतात. उरलेले त्याच्या बाहेर असतात आणि वीसातला एखादा १५४ च्या खाली किंवा १९८ च्या वर सापडतो. ही सगळी निरोगी माणसं आहेत. तुमचे १८४ तर चारचौघांतले निघाले, त्यात नवल काहीच नाही.

हा फरक मोजण्यातली चूक नाही, तो शरीरातलाच आहे. हृदयाच्या उजव्या कप्प्यात वरच्या बाजूला पेशींचा एक छोटा पुंजका असतो. ठोक्यांची लय तिथून ठरते. जोर लावला की त्याच्यावरचा मज्जातंतूंचा लगाम सुटतो, अ‍ॅड्रेनलिन येतं आणि तो जोरात चालू लागतो. पण प्रत्येकाच्या पुंजक्याची एक मर्यादा असते आणि ती बरीचशी जन्मजात असते. वय वाढतं तशी ती खाली येते, कारण पेशी संथ होतात आणि अ‍ॅड्रेनलिनला मिळणारा प्रतिसादही कमी होतो. औषधं देऊन मज्जातंतूंचा परिणाम पूर्ण बंद केला, तर विशीतलं हृदय आपल्या मनाने मिनिटाला १०७ च्या आसपास चालतं आणि साठीतलं ८४ च्या आसपास. हा उतार सरासरीने सगळ्यांचा असतो, पण जो तो वेगळ्या उंचीवरून उतरायला लागतो.

यातूनच आणखी एक गैरसमज निघतो. कमाल ठोके जास्त म्हणजे तब्येत दणकट, असं काही नसतं. सरावाने हृदय एका ठोक्याला जास्त रक्त फेकू लागतं, म्हणून तुमचे विश्रांतीचे ठोके ५६ वर आले. कमाल मात्र सरावाने वाढत नाही, उलट किंचित कमीच होते. १६० कमाल असलेला माणूस १९० वाल्याला अर्ध्या तासाने मागे टाकू शकतो.

आता टीएमटीचे १४९. हा प्रश्न मला फार वेळा येतो, कारण रिपोर्टवर ‘मॅक्स एचआर’ असं ठळक छापलेलं असतं आणि वाचणाऱ्याला ती आपली कमाल वाटते. ती फक्त त्या दिवशी, त्या ट्रेडमिलवर गाठलेली कमाल असते. त्या खोलीत काय होतं ते आठवा. छातीवर इलेक्ट्रोड लावले, ट्रेडमिल सुरू झाली, पहिली तीन मिनिटं ताशी २.७ किलोमीटर आणि १० टक्के चढ. मग दर तीन मिनिटांनी वेग आणि चढ दोन्ही वाढतात. तिसऱ्या टप्प्यात ५.५ किलोमीटर आणि १४ टक्के होतात. मशीनमध्ये वय टाकलेलं असतं. ते २२० वजा वय करून लक्ष्य काढतं आणि त्याच्या ८५ टक्क्यांना पोहोचलात की पुष्कळ ठिकाणी चाचणी आटोपती घेतात. ८५ टक्के म्हणजे तुमचे १४६. तुम्ही १४९ ला गेलात, ‘लक्ष्य गाठलं’ असं छापलं, थांबवलं. तुम्ही दमलाच नव्हतात. फक्त ८५ टक्के आले म्हणून चाचणी थांबवू नये, असं हृदयरोगतज्ज्ञांच्या मार्गदर्शक सूचनांमध्येही आहे. पण बाहेर रांग असते.

इथे सूत्राची चूक व्यायामापुरती राहत नाही, तपासणीतही शिरते. टीएमटी करतात ती हृदयाला पुरेसा ताण देऊन ईसीजी बदलतो का हे बघायला. तुमची खरी कमाल १८९ असेल तर १४९ म्हणजे ७९ टक्केच. ताण अपुरा पडला आणि तरी रिपोर्टवर ‘नॉर्मल’ आलं. उलट ज्याची खरी कमाल १५८ आहे, त्याला त्याच १४६ पर्यंत ढकललं म्हणजे ९२ टक्के झाले. तो धापा टाकत उतरतो आणि ‘क्षमता कमी’ असा शेरा घेऊन घरी जातो. पुढच्या वेळी टीएमटी कराल तेव्हा आधीच सांगा, की मी रोज पळतो आणि मला दम लागेपर्यंत चालू द्या. कुणी नाही म्हणत नाही. डॉक्टर समोर ईसीजी बघत असताना, दम लागेपर्यंत पळून मिळालेला आकडा तुमच्या कमालीचा सगळ्यात चांगला पुरावा असतो.

मैदानावरही तो काढता येतो. छातीत कधी दाब किंवा जळजळ जाणवली असेल, चक्कर आली असेल, मधुमेह असेल किंवा घरात कमी वयात कुणाला हृदयविकार झाला असेल, तर मात्र आधी डॉक्टर. तुमची टीएमटी झालेली आहे, पण वर सांगितलं तशी ती अपुरी होती, म्हणून तुम्हीही एकदा विचारून घ्या. मग पट्टा लावून वीस मिनिटं सावकाश पळा, शेवटी दोन-तीन छोटे जोर. गंगापूर धरणाकडच्या रस्त्यांवर जिथे तीनेक मिनिटांचा सलग बेताचा चढ मिळेल अशी जागा शोधा, वाहनं नसतील तर उत्तम. तो चढ तीनदा चढा आणि दरवेळी चालत खाली या. पहिला जोराचा, दुसरा त्याहून जोराचा. तिसऱ्यात शेवटचं एक मिनिट असं पळा, की वर पोहोचल्यावर नाव विचारलं तरी सांगता येऊ नये. त्यात जो सगळ्यात मोठा आकडा टिकून दिसेल तो तुमचा. पांडवलेणीच्या पायऱ्यांवर हे करू नका. पायऱ्यांवर मांड्या आधी भरून येतात, हृदय टोकाला जातच नाही आणि दमल्यावर पाय चुकायची भीती वेगळी. एप्रिल-मेच्या उन्हात, ताप येऊन गेल्यावर किंवा रात्रीची झोप झालेली नसताना आलेला आकडाही धरू नका. सायकलवर काढलेली कमाल पळण्यापेक्षा बहुधा पाच-दहाने कमी येते, म्हणून दोन्ही करणाऱ्यांनी दोन आकडे वेगळे ठेवावेत.

समजा तुमचे १८९ आले. (१८४ पेक्षा कमी येऊ शकत नाहीत, ते तर तुम्ही आधीच पाहिलेत. आले, तर जोर कमी लागला एवढंच.) आता तुमचं रोजचं १४२ चं पळणं बघू. घड्याळ १४२ ला १७२ ने भागतं आणि ८३ टक्के काढतं. ८० च्या वर म्हणजे झोन ४, जोराचा व्यायाम. खरी कमाल घातली की तेच ७५ टक्के होतात, म्हणजे एक झोन खाली आलात. पण हेही पूर्ण चित्र नाही. तुमचं हृदय शून्यापासून सुरू होत नाही, ५६ पासून सुरू होतं. म्हणून ५६ आणि १८९ यांच्यामधले १३३ ठोके ही तुमची वापरायची जागा. १४२ म्हणजे त्यातले ८६ वापरले, ते झाले ६५ टक्के. फिनलंडच्या कार्वोनेन यांनी १९५७ मध्ये मांडलेली ही पद्धत आहे आणि बहुतेक घड्याळांच्या सेटिंगमध्ये ‘हार्ट रेट रिझर्व्ह’ नावाने ती निवडता येते. विश्रांतीचे ठोके कमी असलेल्या पळणाऱ्यांना तीच जास्त जुळते. ६० ते ७० टक्क्यांच्या आरामाच्या पळण्याला तुमची पट्टी निघते १३६ ते १४९. तुम्ही तिच्या मधोमध आहात, जसं तुम्हाला वाटतही होतं.

१७२ धरून झोन २ मध्ये राहायचं ठरवलं असतंत तर पट्टी आली असती १०३ ते १२०. त्यात तुम्हाला चालावंच लागलं असतं. असे लोक मी पाहतो: घड्याळाचं ऐकून महिनोन्‌महिने जेमतेम हलतात, मग कंटाळून घड्याळ काढून ठेवतात. दुसऱ्या टोकाचे मात्र जास्त त्रासात असतात. खरी कमाल १५८ असलेल्याला एखाद्या तक्त्याने ‘९० टक्क्यांवर चार मिनिटं’ सांगितली, तर १७२ च्या हिशेबाने ते १५५ होतात. म्हणजे त्याला चार मिनिटं आपल्या टोकावर लटकून राहायचं असतं. ते जमत नाही आणि तो स्वतःला कमकुवत समजतो.

चाचणी करायची नसेल तरी चालतं. बोलण्यावरून भागतं. पळता पळता सोबत्याला दोन-तीन पूर्ण वाक्यं न तोडता सांगता आली, तर तुम्ही आरामाच्या पट्टीत आहात. वाक्य मध्येच तुटायला लागलं की ती संपली. हे तीन-चार वेगवेगळ्या दिवशी बघा आणि वाक्य तुटतं तिथला आकडा लिहून ठेवा. तो बहुधा दोन-चार ठोक्यांच्या आतच येतो आणि वय वजा करून काढलेल्या कुठल्याही पट्टीपेक्षा तुमच्या जास्त जवळचा असतो. उन्हाळ्यात त्याच वेगाला आकडा वर सरकेल. तेव्हा वेग सोडा, वाक्य धरा.

कुठला आकडा खरोखर धोक्याचा? आकड्यापेक्षा त्याची चाल बघा. हळू पळताना किंवा नुसते उभे असताना ठोके एकदम १९०-२०० वर उडाले, छातीत फडफड झाली आणि थांबूनही मिनिटामागून मिनिटं तिथेच राहिले, तर ते व्यायामाचे ठोके नाहीत, लय बिघडली आहे. त्याच दिवशी ईसीजी काढा. जोराने पळून थांबल्यावर, सावकाश चालत असताना पहिल्या मिनिटात १२ किंवा त्याहून कमीच ठोके उतरत असतील आणि हे वारंवार दिसत असेल, तरी दाखवून घ्या. छातीत दाब, जबड्यात किंवा डाव्या हातात दुखणं, डोळ्यांपुढे अंधारी, यांपैकी काही असेल तर ठोके १२० असले तरी थांबायचं.

आता मित्र. गोळीच्या पाकिटावर बघा. नावाच्या शेवटी ‘लोल’ असेल, म्हणजे मेटोप्रोलोल, अ‍ॅटेनोलोल, बिसोप्रोलोल, नेबिव्होलोल, तर उत्तर तिथेच आहे. या गोळ्या अ‍ॅड्रेनलिनला त्या पुंजक्यापर्यंत पोहोचू देत नाहीत. कमाल २०, ३०, कधी ४० ठोक्यांनी खाली येते, आणि ते गोळीचं कामच आहे. त्यांना कुठलंच वयाचं सूत्र लागू नाही, जुनंही नाही आणि नवंही नाही. १७२ गाठण्यासाठी धडपडणं त्यांनी आजच बंद करावं. ठोके वाढावेत म्हणून गोळी चुकवणं तर मुळीच नको. या गोळ्या अचानक बंद केल्या की बीपी आणि ठोके उसळून येतात आणि कधीकधी झटकाही येतो.

गोळी अ‍ॅम्लोडिपिन किंवा टेल्मिसार्टन असेल, तर गोष्ट वेगळी आहे. त्या ठोक्यांना असं बांधून ठेवत नाहीत. त्या घेऊनही ४८ व्या वर्षी पूर्ण जोर लावून १३५ च्या पुढे जात नसतील, तर सरासरीपासून ४० ठोके दूर म्हणजे नेहमीच्या फरकात न बसणारी गोष्ट आहे. मोजणं बरोबर आहे ना हे पट्ट्याने एकदा तपासा आणि तरीही तेच आलं तर हृदयरोगतज्ज्ञांकडे जा. हृदय मागणीनुसार वेग घेत नसेल तर त्याचं कारण शोधावं लागतं.

‘लोल’वाल्या मित्राला व्यायामाची पट्टी हवीच असेल, तर टीएमटी गोळी घेऊन, नेहमी व्यायाम करतात त्याच वेळेला करायला सांगा. रोगनिदानासाठी टीएमटी करताना डॉक्टर कधीकधी ही गोळी आधी कमी करून बंद ठेवायला सांगतात आणि ते त्या कामासाठी योग्यच असतं, पण त्या दिवशी आलेली कमाल रोजच्या पळण्याला वापरता येत नाही. कोणत्या हेतूने चाचणी करायची आहे हे चिठ्ठी लिहून घेतानाच बोलून घ्या. गोळीची मात्रा बदलली की पट्टी पुन्हा काढावी लागेल. तोपर्यंत त्यांनाही वाक्याचीच कसोटी पुरेल. गोळीने ठोके बदलतात, पण दम लागल्यावर बोलणं तुटतं ते त्यांचंही तुटतंच.